घसारा तक्त्यात दोन्ही पद्धतींची शेवटची शिल्लक जुळत नाही तेव्हा

एकाच यंत्राचा घसारा शेजारी शेजारी दोन पद्धतींनी मांडला, डावीकडे सरळ रेषा आणि उजवीकडे घटती शिल्लक, की पुढचं काहीतरी हमखास दिसतं:

- आयुर्मान संपलं तरी उजवीकडे हजारो रुपये शिल्लक, डावीकडे मात्र बरोबर मोडीची किंमत.
- सरळ रेषेचा घसारा दरवर्षी सारखा यायला हवा, तो कमी कमी होत जातो.
- उजवीकडची शेवटची शिल्लक मोडीच्या किमतीच्या जवळपास दुप्पट.
- वर्षाच्या मध्यात घेतलेल्या यंत्राचा तक्ता पाच ओळींत संपतो आणि सरळ रेषेची शिल्लक मोडीच्या वर लटकते.
- सगळं जुळल्यासारखं दिसतं, पण एक रुपया, अठरा रुपये किंवा साडेपाचशे रुपये इकडेतिकडे.
- तक्ता स्वतःशी जुळतो, पण खातेवहीशी किंवा आयकराच्या घसाऱ्याशी जुळत नाही.

सावंतवाडीपासून चिपळूणपर्यंतच्या छोट्या कार्यालयांच्या वर्षअखेरीच्या फाइली माझ्याकडे येतात. काजूचे कारखाने, होमस्टे चालवणाऱ्या कंपन्या, एखादा बांधकामवाला. मार्च अखेरीला काजू-आंब्याचा हंगाम भरात असतो, त्यामुळे घसाऱ्याचा तक्ता सगळ्यात शेवटी आणि घाईत होतो. मग फोन येतो, "दादा, पाच वर्सां झाली तरी ह्या कॉलमात त्रेपन्न हजार कशे रवले?" बिघाड दरवेळी त्याच चार-पाच ठिकाणी असतो. शिवाय प्रत्येक बिघाडाचा आकडा ठरलेला असतो, तेव्हा नुसती शेवटची शिल्लक ऐकून चूक कुठे आहे ते बहुतेक वेळा सांगता येतं. म्हणून सगळं एकाच उदाहरणावर दाखवतो.

उदाहरण झेरॉक्स मशीनचं. किंमत १,२०,००० रुपये. कंपनी कायदा २०१३ च्या अनुसूची दोनमध्ये कार्यालयीन उपकरणांचं आयुर्मान ५ वर्षं धरलंय आणि मोडीची किंमत सहसा मूळ किमतीच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त धरायची नसते. म्हणजे मोड ६,००० रुपये आणि पाच वर्षांत उडवायची रक्कम १,१४,००० रुपये. पद्धत कुठलीही असो, ही १,१४,००० ची रक्कम बदलत नाही. बदलतो तो फक्त कुठल्या वर्षाच्या वाट्याला किती हे. पुढच्या सगळ्या तपासण्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

शीटची मांडणी अशी धरू: `B1` मध्ये किंमत, `B2` मध्ये मोड, `B3` मध्ये आयुर्मान वर्षांत, `B4` मध्ये घटत्या शिलकीचा दर. तक्ता नवव्या ओळीपासून. `A` वर्ष, `B` त्या वर्षातले वापराचे महिने, `C`, `D`, `E` मध्ये सरळ रेषेची आरंभीची शिल्लक, घसारा आणि अखेरची शिल्लक. `F`, `G`, `H` मध्ये तेच घटत्या शिलकीचं.

पहिली तपासणी: आकडा खरंच आकडा आहे का

याला फारसा वेळ लागत नाही, म्हणून आधी हे. बिलावर १,२०,०००/- असं लिहिलेलं असतं आणि टाइप करणारा ते तसंच शीटमध्ये उतरवतो. शेवटच्या त्या तिरप्या रेघेमुळे एक्सेलच्या लेखी तो आकडा राहत नाही, मजकूर होतो. मागे 'रु.' लावलं तरी तेच. अशा सेलवर गुणाकार केला तर एरर येते आणि चूक लगेच कळते. पण `SUM` मात्र मजकूर गुपचूप सोडून देतो, एरर येत नाही, आणि बेरीज एका ओळीने कमी पडते.

```
=ISNUMBER(B1)
```

`FALSE` आलं तर आकडा पुन्हा साधा टाइप करा. रुपयाचं चिन्ह आणि स्वल्पविराम सेलच्या फॉरमॅटमधून लावा, हाताने नाही.

दुसरी तपासणी: किंमत कुठली धरली

तीच मूळ किंमत दोन्ही बाजूंनी घेतलीय ना, हे बिल समोर ठेवून बघा. आपल्या मशीनचं १८ टक्के जीएसटीसह बिल १,४१,६०० रुपयांचं. कार्यालयाने त्या २१,६०० चं इनपुट क्रेडिट घेतलं असेल तर घसारा १,२०,००० वरच. एकाच रकमेचं क्रेडिट आणि घसारा असे दोन फायदे जीएसटी कायदा देत नाही. क्रेडिट मिळतच नसेल, उदाहरणार्थ कंपोझिशन योजनेत असाल, तर मात्र किंमत १,४१,६०० आणि मोड ७,०८०.

डावीकडचा भाग गेल्या वर्षीच्या फाइलमधून आणि उजवीकडचा नव्या बिलावरून उतरवला की एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरी किंमत बसते. दोन्ही बाजूंची पहिली शिल्लक `B1` कडूनच येऊ द्या, हाताने टाकू नका.

तिसरी तपासणी: दर कुठून आला

ती त्रेपन्न हजारांची तक्रार इथली. सरळ रेषेला दर लागत नाही, आयुर्मान लागतं. घटत्या शिलकीला दर लागतो. टाइप करणाऱ्याला दर आठवतो तो आयकरातला, यंत्रसामग्रीचा १५ टक्के, आणि तो उजवीकडे जातो. दरवर्षी शिलकीच्या १५ टक्के उडवले तर पाच वर्षांनी १,२०,००० चे ५३,२४५ उरतात. फॉर्म्युला बरोबर असतो, बेरीज बरोबर असते, फक्त तो दर पाच वर्षांच्या आयुर्मानासाठी नसतोच. आयकराचा दर आयुर्मानातून निघत नाही, कायद्याने ठरवून दिलेला असतो.

दोन पद्धती शेजारी शेजारी मांडून तुलना करायची असेल तर घटत्या शिलकीचा दर त्याच आयुर्मानातून आणि त्याच मोडीतून काढावा लागतो:

```
=ROUND(1-(B2/B1)^(1/B3),4)
```

आपल्या उदाहरणात उत्तर ०.४५०७, म्हणजे ४५.०७ टक्के. मोड ५ टक्के धरली तर पाच वर्षांच्या कुठल्याही वस्तूला हाच दर येतो, किंमत काहीही असो. तीन वर्षांच्या संगणकाला ६३.१६ आणि दहा वर्षांच्या फर्निचरला २५.८९.

आता सेलमध्ये ४५ टक्के दिसतंय म्हणून कोणी कॅल्क्युलेटरवर नुसते ४५ घेऊन पडताळणी केली, की पाच वर्षांनी ६,०३९ उरतात आणि 'एक्सेल चुकतंय' असा निष्कर्ष निघतो. एक्सेल बरोबर असतं, सेलमध्ये दशांश दाखवलेले नसतात. ४५.०७ घेतले तर पूर्ण पाच वर्षांचा तक्ता ६,००१ वर येतो. तो वरचा एक रुपया दर चार दशांशांत कापल्याचा आणि रुपयात पूर्णांक केल्याचा आहे, त्याच्या मागे लागू नका. शेवटच्या वर्षात तो सामावून घ्यायचा कसा ते पुढे येतं.

एक्सेलची तयार फंक्शनं वापरणाऱ्यांसाठी दोन खुणा. `DB` फंक्शन दर तीन दशांशांतच पूर्णांक करतं, म्हणजे ४५.१ टक्के धरतं. त्यामुळे सहा महिन्यांच्या पहिल्या वर्षाचा घसारा २७,०६० येतो, आपल्या फॉर्म्युल्याने २७,०४२. त्या अठरा रुपयांचं कारण हे. `DDB` ही तर वेगळीच पद्धत आहे. ती सरळ रेषेच्या दराची दुप्पट करते, पाच वर्षांना ४० टक्के. पाच वर्षांअखेर ९,३३१ उरलेले दिसले तर कोणीतरी `DB` च्या जागी `DDB` लिहिलंय हे नक्की. आणि मोड शून्य धरून `DB` लावलं तर दर १०० टक्के होतो, सगळी किंमत पहिल्याच वर्षी उडते. घटत्या शिलकीची पद्धत शून्यापर्यंत पोहोचू शकत नाही, तिला काहीतरी मोड लागतेच.

चौथी तपासणी: फॉर्म्युला कशावर चाललाय

पहिल्या वर्षाची ओळ बहुतेक वेळा बरोबर दिसते, कारण पहिल्या वर्षी मूळ किंमत आणि आरंभीची शिल्लक एकच असते. चूक दुसऱ्या ओळीपासून दिसते. म्हणून पडताळणी करताना पहिली ओळ बघूच नका, दुसऱ्या वर्षाच्या घसाऱ्याच्या सेलवर एफ-टू दाबा आणि रंगीत चौकटी कुठे जातात ते बघा.

सरळ रेषेच्या सेलमधून चौकटी `B1`, `B2`, `B3` कडे जायला हव्यात, त्या ओळीच्या `C` कडे नाही. `C` कडे गेली असेल तर घसारा शिलकीवर चाललाय. त्याची खूण ठळक असते: २२,८०० नंतर १८,२४०, मग १४,५९२, आणि पाच वर्षांनी ४३,३५६ शिल्लक. ही सरळ रेषेचा वेश घातलेली २० टक्क्यांची घटती शिल्लक आहे. डॉलरचं चिन्ह न लावता फॉर्म्युला खाली ओढला तर वेगळाच गोंधळ होतो, `B1` चं `B2` होतं आणि आकडे निरर्थक येतात. ते लगेच डोळ्यांत भरतं, म्हणून कमी धोक्याचं.

```
D9:  =ROUND(($B$1-$B$2)/$B$3*B9/12,0)
G9:  =ROUND(F9*$B$4*B9/12,0)
E9:  =C9-D9
H9:  =F9-G9
C10: =E9
F10: =H9
```

घटत्या शिलकीच्या बाजूची नेहमीची चूक उलटी असते. सरळ रेषेत मोड वजा करतात म्हणून इथेही करतात, `(F9-$B$2)` असं. पण मोड दर काढतानाच हिशेबात आलेली आहे. पुन्हा वजा केली की तिची दखल दोनदा घेतली जाते आणि पाच वर्षांनी ११,७०१ उरतात. शेवटची शिल्लक मोडीच्या जवळपास दुप्पट दिसली की मी दुसरं काही न बघता हा कंस शोधतो.

पाचवी तपासणी: महिने

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि आमच्याकडे ही तपासणी टाळता येत नाही. पाऊस ओसरला, दसरा-दिवाळी जवळ आली की कार्यालयांची खरेदी होते. पावसाळ्यात दमट हवेत नवं यंत्र उघडायला कोणी तयार नसतं. त्यामुळे पहिलं वर्ष जवळजवळ नेहमीच अपुरं असतं.

धरा, मशीन १ ऑक्टोबर २०२३ ला वापरात आलं. बिलाची तारीख नव्हे, वापरायला तयार झाल्याची तारीख महत्त्वाची. बिल १५ सप्टेंबरचं असेल आणि मशीन लावायला माणूस कोल्हापूरहून दोन आठवड्यांनी आला असेल, तर घसारा तो येऊन गेल्यापासून. मग २०२३-२४ मध्ये महिने ६. पाच वर्षं पुरी व्हायला ३० सप्टेंबर २०२८ उजाडणार, म्हणजे आर्थिक वर्षं सहा होतात आणि तक्त्याला सहा ओळी लागतात. पाचच ओळी ठेवल्या तर सरळ रेषेची शिल्लक १७,४०० वर थांबते आणि त्यातले ११,४०० उडवायचे राहून जातात. तपासायला एकच सेल पुरतो:

```
=SUM(B9:B14)=B3*12
```

`TRUE` यायला हवं, महिने ६० भरले पाहिजेत.

सहावी ओळ टाकल्यावर सरळ रेषा जागेवर बसते. घटती शिल्लक मात्र बसत नाही, आणि भलेभले इथे अडतात. शेवटच्या सहा महिन्यांचा घसारा फॉर्म्युल्याने १,९०७ येतो आणि शिल्लक उरते ६,५५६. फॉर्म्युला पुन्हा तपासला, दर तपासला, महिने तपासले, सगळं बरोबर, तरी ५५६ रुपये जास्तच.

शीटमध्ये चूक नाही. ४५.०७ टक्के हा पूर्ण वर्षाचा दर आहे. सहा महिन्यांना आपण त्याचा निम्मा, २२.५३५ टक्के, लावतो. पण घटत्या शिलकीत दोन अर्ध्या वर्षांचं मिळून एक पूर्ण वर्ष होत नाही. पूर्ण वर्षाने १०० चे ५४.९३ उरतात. निम्मा दर दोनदा लावला तर १०० चे ७७.४७ आणि त्याचे ६०.०१ उरतात. आपल्या तक्त्यात पहिलं आणि शेवटचं अशी दोन अर्धी वर्षं आहेत, त्यामुळे तेवढा फरक शेवटपर्यंत वाहत येतो. मशीन जुलैत घेतलं असतं, म्हणजे ९ आणि ३ महिने, तर फरक कमी पडला असता. १ एप्रिलला घेतलं असतं तर पडलाच नसता.

उपाय साधा आहे. आयुर्मान ज्या वर्षी संपतं त्या शेवटच्या ओळीत दर लावायचा नाही, आरंभीच्या शिलकीतून मोड वजा करून जे उरतं तो त्या वर्षाचा घसारा:

```
G14: =F14-$B$2
```

मग पूर्ण तक्ता असा दिसतो:

| वर्ष | महिने | सरळ रेषा: घसारा | अखेरची शिल्लक | घटती शिल्लक: घसारा | अखेरची शिल्लक |
|---|---|---|---|---|---|
| २०२३-२४ | ६ | ११,४०० | १,०८,६०० | २७,०४२ | ९२,९५८ |
| २०२४-२५ | १२ | २२,८०० | ८५,८०० | ४१,८९६ | ५१,०६२ |
| २०२५-२६ | १२ | २२,८०० | ६३,००० | २३,०१४ | २८,०४८ |
| २०२६-२७ | १२ | २२,८०० | ४०,२०० | १२,६४१ | १५,४०७ |
| २०२७-२८ | १२ | २२,८०० | १७,४०० | ६,९४४ | ८,४६३ |
| २०२८-२९ | ६ | ११,४०० | ६,००० | २,४६३ | ६,००० |
| एकूण | ६० | १,१४,००० | | १,१४,००० | |

हा तक्ता तुमच्या तक्त्याशेजारी ठेवा. उजवीकडचा पहिल्या वर्षाचा घसारा दुसऱ्यापेक्षा कमी आहे, यावरून 'घटत्या शिलकीत घसारा वाढला कसा' असा फोन येतो. पहिलं वर्ष सहा महिन्यांचं आहे, एवढंच त्याचं उत्तर. दुसऱ्या वर्षापासून तो उतरायलाच हवा. तो सरळ रेषेच्या खाली एकदाच जातो, इथे २०२६-२७ मध्ये, आणि पुन्हा वर येत नाही. वर आला तर मधल्या कुठल्यातरी ओळीत आकडा हाताने टाकलेला आहे. अशा सेलमध्ये फॉर्म्युल्याऐवजी नुसती संख्या असते, त्या रकान्यात एकेक सेल उघडून बघा.

महिन्यांऐवजी दिवसांवर हिशेब करणारेही आहेत. चालतं, पण मग लीप वर्ष सांभाळा. २०२३-२४ मध्ये ३६६ दिवस होते आणि १ ऑक्टोबरपासून ३१ मार्चपर्यंत १८३, म्हणजे बरोबर निम्मे. भागाकार ३६५ ने केला की रुपये हलतात. माझ्या मते एवढ्या किमतीच्या उपकरणाला दिवसांचा सोस अनाठायी आहे. महिने धरा आणि सगळ्या वस्तूंना तोच नियम लावा.

सहावी तपासणी: आयुर्मान दोन्हीकडे बदललं का

किनाऱ्यालगतच्या कार्यालयांचा हा प्रश्न. खारी हवा यूपीएसचे टर्मिनल, एसीचं बाहेरचं युनिट, प्रिंटरच्या आतले पत्रे खाते. देवगड-मालवणकडे समुद्राच्या तोंडावर असलेल्या कार्यालयात पाच वर्षांचं उपकरण चारच वर्षं टिकतं असं तिथल्या मेकॅनिकचं लेखी म्हणणं असेल, तर कंपनीला आयुर्मान कमी धरता येतं. अनुसूचीपेक्षा वेगळं आयुर्मान धरल्यास त्याचं तांत्रिक कारण द्यावं लागतं आणि ताळेबंदाच्या टिपांत ते उघड करावं लागतं.

शीटमध्ये बिघाड होतो तो असा: `B3` मध्ये ५ चे ४ केले, सरळ रेषेचा घसारा २२,८०० चा २८,५०० झाला, पण `B4` मधला दर कोणीतरी पूर्वी हाताने ४५.०७ टाइप केलेला. तो तसाच राहतो. पूर्ण चार वर्षांनी उजवीकडे १०,९२५ उरतात. चार वर्षांना दर ५२.७१ टक्के हवा. `B4` मध्ये फॉर्म्युला आहे की संख्या हे बघितलं की काम होतं.

सातवी तपासणी: आयकराच्या तक्त्याशी का जुळत नाही

जुळायला नको. इथे लोक बरोबर असलेला तक्ता मोडतात, म्हणून थोडं सविस्तर.

आयकरात प्रत्येक वस्तूचा वेगळा घसारा नसतो, एका दराच्या सगळ्या वस्तूंचा गट असतो आणि घसारा त्या गटाच्या शिलकीवर निघतो. त्यात मोड धरत नाहीत, महिनेही मोजत नाहीत. वस्तू घेतली त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर निम्मा दर, नाहीतर पूर्ण. आपलं मशीन १ ऑक्टोबरला सुरू झालं, १८३ दिवस वापरलं, म्हणून आयकरात पूर्ण १५ टक्के, १८,००० रुपये. त्याच मशीनला त्याच वर्षी पुस्तकात सरळ रेषेने ११,४०० आणि घटत्या शिलकीने २७,०४२. तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर. तेच मशीन १० ऑक्टोबरला सुरू झालं असतं तर आयकरात ९,००० च मिळाले असते. आठ-दहा दिवसांनी निम्मा घसारा जातो, म्हणून मशीन लावून गेलेल्या माणसाची सही-तारखेची पावती फाइलला लावून ठेवा.

आयकराचा तक्ता वेगळ्या शीटवर ठेवा, तिसरा रकाना म्हणून इथे चिकटवू नका. चिकटवला की पुढच्या वर्षी कोणीतरी त्याची शिल्लक आरंभीची शिल्लक म्हणून उचलतो. एकमालकी व्यवसायात आणि लहान भागीदारी संस्थांत पुस्तकांतही आयकराचेच दर लावण्याची पद्धत आहे. तुमचं तसं असेल तर हा दोन बाजूंचा तक्ता फक्त तुलनेपुरता, खातेवहीत नेऊ नका.

इथे थांबा आणि सीएला फोन करा

वरचं सगळं शीटचं काम आहे, ते कार्यालयातला लेखनिक करू शकतो. पुढच्या बाबतीत शीटला हात लावू नका.

मधेच पद्धत बदलायची असेल तर. समजा २०२४-२५ अखेर घटत्या शिलकीवरून सरळ रेषेवर यायचंय. जुने लेखनिक अजून पहिल्या दिवसापासून सगळं पुन्हा काढायला बसतात आणि आतापर्यंतचा फरक नफ्या-तोट्यात टाकतात. तो जुन्या लेखा मानक ६ चा नियम होता. कंपन्यांसाठी २०१६ साली ते मानक गेलं. सुधारित लेखा मानक १० प्रमाणे पद्धत बदलणं हा अंदाजातला बदल आहे आणि तो पुढच्या वर्षांनाच लागू होतो. म्हणजे ५१,०६२ मधून ६,००० वजा, उरलेले ४५,०६२ साडेतीन वर्षांत, वर्षाला सुमारे १२,८७५. आकडेमोड सोपी आहे. पण उपकरणाचा वापर खरोखर तसा बदललाय का, हे ठरवणं आणि टीप लिहिणं सीएचं काम. यंदा नफा कमी दाखवायचाय एवढ्यासाठी पद्धत बदलता येत नाही.

उपकरण पुरात गेलं असेल तर. जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी शिरलं, तेव्हा कित्येक कार्यालयांची यंत्रं एका दिवसात निकामी झाली. तो तोटा घसारा नव्हे. शेवटच्या ओळीचा फॉर्म्युला वापरून शिल्लक एका वर्षात उडवून टाकू नका. विम्याची रक्कम, भंगाराचे पैसे, घेतलेलं जीएसटी क्रेडिट परत करणं आणि आयकरातल्या गटाचा हिशेब, हे चारही वेगवेगळे प्रश्न आहेत आणि एकाचं उत्तर दुसऱ्यावर अवलंबून असतं.

गेल्या वर्षीचे आकडे चुकलेत आणि ताळेबंद सही होऊन गेलाय, तेव्हाही. शीट आज दुरुस्त करता येते, पण आरंभीची शिल्लक सही झालेल्या ताळेबंदाप्रमाणेच ठेवावी लागते. फरक कुठे आणि कसा दाखवायचा ते तुमचे लेखापरीक्षक सांगतील. त्यांच्याकडे जाताना बिल, यंत्र बसवल्याची पावती, गेल्या वर्षीचा सही झालेला तक्ता आणि तुमची आत्ताची शीट घेऊन जा. शीट छापलेली नको, फाइलच न्या. कागदावर फॉर्म्युला दिसत नाही.